पहिला ‘काय गं’ कुणाचा?

गेल्या ऑक्टोबरात एका रात्री मी चिपळूणच्या मैत्रिणीबरोबरचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं वर सरकवत सरकवत वर्षभर मागे गेले. डोक्यात राग होता. ‘काय गं, कशी आहेस?’ मी. ‘किती दिवस झाले, बोलू या ना’ मी. ‘पाऊस कसा आहे तिकडे?’ तेही मीच. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. मग मी पुण्याला आले, ती तिथेच राहिली. तीस वर्षांची मैत्री, आणि ती टिकवायचं काम एकट्या माझ्या गळ्यात पडलंय, याबद्दल मला त्या रात्री जराही शंका नव्हती. उद्यापासून आपण गप्प बसायचं, बघू तिला कधी आठवण येते, इथपर्यंत मनाची तयारी झाली होती.

ही तक्रार मी इतरांच्याही तोंडून पुष्कळदा ऐकली आहे. निवृत्त झालेले काका ती करतात, होस्टेलवरची भाची करते. आणि तक्रारीच्या शेवटी निकाल ठरलेलाच असतो: मीच नेहमी आधी बोलते, म्हणजे समोरच्याला माझी गरज नाही. ‘मीच आधी’ आणि ‘गरज नाही’ यांच्यामध्ये जो ‘म्हणजे’ आहे, तो खरा आहे का, हे मला पाहायचं होतं. त्या रात्री गप्प बसण्याऐवजी मी मोजायला घेतलं.

मोजायचं तर आधी नियम हवा. मी असा केला: सलग तीन दिवस आमच्यात काहीच बोलणं झालेलं नसेल, तर त्यानंतर जी पहिला शब्द टाकेल तिच्या नावावर एक सुरुवात. उत्तर म्हणजे सुरुवात नव्हे. दिवाळी-संक्रांतीचे आयते फुलांचे फोटो, पुढे ढकललेले सुविचार हेही नाही; ते पन्नास जणांना एकदम जातात. फोनचा प्रश्न सोपा होता, कारण ‘आता बोलू का?’ असं विचारल्याशिवाय आम्ही एकमेकींना फोन लावतच नाही. त्या चॅटच्या मेनूत More आणि मग Export chat केलं की सगळा मजकूर तारीख-वेळेसकट एका साध्या फाइलमध्ये मिळतो. मी फोटो वगळून वर्षभराचा मजकूर काढला, छापून घेतला आणि लाल-निळं पेन घेऊन बसले.

मोजायच्या आधी एका कागदावर माझा अंदाज लिहून ठेवला होता: तिच्याकडून एखादी, फार तर दोन सुरुवाती. मोजल्यावर एकूण चौतीस निघाल्या. त्यांतल्या पाच सणावाराचे फोटो म्हणून खोडल्या, तीन माझ्या आणि दोन तिच्या. उरल्या एकोणतीस. चोवीस माझ्या, पाच तिच्या.

म्हणजे माझी तक्रार खोटी नव्हती, पण ती पाच पुरती विसरले होते. त्यातली एक तर तिच्या आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हाची होती, आणि त्या दिवशी आम्ही तासभर बोललो होतो. ती मी मनातल्या मनात ‘माझ्या’ खात्यात टाकली होती, कारण नंतरचे आठ दिवस रोज चौकशी करणारी मी होते.

अशी विसर पडण्याचं कारण मानसशास्त्रात चांगलं तपासलेलं आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या कॅनडातल्या दोन संशोधकांनी 1979 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विवाहित जोडप्यांना वेगवेगळं बसवलं आणि घरातल्या एकेका कामाबद्दल विचारलं: नाश्ता करणं, भांडी घासणं, मुलांना सांभाळणं, यात तुमचा वाटा किती? नवऱ्याचा वाटा आणि बायकोचा वाटा मिळून शंभर व्हायला हवेत. बहुतेक जोडप्यांत बेरीज शंभराच्या वर गेली. भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही माणसं आपला वाटा जास्तच सांगत होती, म्हणजे हा नुसता बढाईचा भाग नव्हता. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण ते करताना आपण तिथे असतो. मी ‘काय गं’ लिहिण्याआधी दोन दिवस लिहू की नको करत असते. ते दोन दिवसही माझ्या हिशेबात जमा होतात. तिचं ‘काय गं’ माझ्यापर्यंत येतं ते एका टिंगसारखं, आणि मी भाजी फोडणीला टाकता टाकता उत्तर देऊन मोकळी होते.

तरीही चोवीसला पाच म्हणजे पाचपट. विसराळूपणाने एवढा फरक पुसला जात नाही. त्याचं उत्तर मला दुसरीकडे सापडलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात तीच गोष्ट सर्वांत कमी लक्षात घेतली जाते.

प्रत्येकाच्या मनात एक घड्याळ असतं असं समजू या. एखाद्याशी बोलणं झालं की ते शून्यावर येतं. मग दिवस जातात, आठवण साचत जाते, आणि एका दिवशी वाटतं, चला, बोलायला हवं. कुणाला आठ दिवसांनी वाटतं, कुणाला महिन्याने. समजा, माझं घड्याळ दहा दिवसांचं आहे आणि तिचं चौदा दिवसांचं. आमचं बोलणं पहिल्या तारखेला झालं. अकरा तारखेला मला राहवत नाही, मी लिहिते. आम्ही बोलतो. आता दोघींचीही घड्याळं शून्यावर आली. तिचं घड्याळ चौदा दिवसांवर पोचायला चार दिवस बाकी होते, तेवढ्यात मी ते मागे फिरवलं. पुन्हा एकवीस तारखेला मी. पुन्हा तेच. वर्षभरात छत्तीस वेळा बोलणं होईल आणि छत्तीसच्या छत्तीस सुरुवाती माझ्या असतील.

तिला एकटं सोडलं असतं तर चौदा दिवसांच्या हिशेबाने तिने वर्षात सव्वीस वेळा स्वतःहून फोन केला असता. छत्तीस आणि सव्वीस हा काही फार मोठा फरक नव्हे. सख्ख्या बहिणींतही तेवढा असतो. पण जी आधी पोचते ती दुसरीची पाळी येऊच देत नाही, आणि वहीत दिसतं ते छत्तीस विरुद्ध शून्य.

खरी माणसं एवढी काटेकोर नसतात. समजा, मला कधी सात दिवसांनी वाटतं, कधी तेरा. तिला कधी दहा, कधी अठरा. आणि मधला कुठलाही दिवस सारखाच संभवतो. कागदावर मांडलं तर तिचा नंबर आधी लागतो तो साधारण दहातून एकदा. मी हे दोनदा तपासून पाहिलं, कारण माझाच विश्वास बसेना. ओढीतला फरक दीडपटीपेक्षाही कमी, आणि सुरुवातींतला फरक नऊपट. माझे चोवीसला पाच त्यापुढे सौम्यच म्हणायचे.

म्हणून पहिल्या ‘काय गं’ची संख्या कुणाचं घड्याळ लवकर वाजतं एवढंच सांगते. दुसरीचं घड्याळ किती मागे आहे, की ते बंदच पडलंय, हे तिच्यातून कळत नाही. चौदा दिवसांवालीही शून्यावर असते आणि कधीच फोन न करणारीही शून्यावरच असते. दोघी एका आकड्यामागे लपलेल्या असतात, आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं त्यांना वेगळं ओळखणं.

यात आणखी एक गुंता आहे. वर्षानुवर्षं एकीनेच सुरुवात केली की दुसरीचं घड्याळ हळूहळू सैल होतं. कुणी मुद्दाम करत नाही. दर दहा-बारा दिवसांनी फोन येणार हे माहीत असलं की आठवण तेवढी साचतच नाही, जसं रोज सकाळी दारात दूध येत असेल तर दूध संपल्याची चिंता घरात कुणी करत नाही. अशा माणसाला ‘तुला माझी पडलेली नाही’ म्हटलं तर ते खरोखर गोंधळून जातं. त्याच्या लेखी तर तुमचं नेहमीच बोलणं होत असतं.

मग ओळखायचं कसं? मी छापलेल्या कागदांकडे पुन्हा वळले. या वेळी सुरुवाती सोडल्या आणि सुरुवातीनंतर काय झालं ते वाचलं. माझ्या चोवीसांपैकी एकही ‘काय गं’ बिनउत्तराचं नव्हतं. एकोणीस उत्तरं त्याच दिवशी आली होती, आणि बहुतेक सगळी दुपारी तीन ते साडेचारच्या मध्ये. मी सकाळी सव्वासातला, बसची वाट बघताना लिहीत होते. तेव्हा तिच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची अंघोळ, नवऱ्याचा दुकानाचा डबा, मुलाचा क्लास. ती उत्तर द्यायची ते सगळं आवरून पाठ टेकल्यावर. आणि चोवीसपैकी वीस उत्तरांत उलटा प्रश्न होता. ‘गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?’ ‘त्या नव्या साहेबांचा त्रास थांबला का?’ गुडघ्याचं मी तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं आणि सांगितलेलं स्वतः विसरले होते.

माझ्या मते उलटा प्रश्न ही पहिली खूण आहे, आणि त्यातही जुन्या बोलण्यातला धागा उचलून केलेला प्रश्न. नुसतं ‘तू कशी आहेस?’ शिष्टाचारानेही येतं. गुडघ्याची आठवण शिष्टाचाराने येत नाही. दुसरी खूण मोडलेल्या बेताची. ‘आज नाही जमत’ आणि ‘आज नाही जमत, परवा चालेल?’ यांत दोनच शब्दांचा फरक दिसतो, पण पहिल्या वाक्यात पुढचं ओझं तुमच्यावर टाकलेलं असतं आणि दुसऱ्यात ते बोलणाऱ्याने स्वतः उचललेलं असतं. उत्तराला किती वेळ लागला याला मात्र मी फार किंमत देत नाही. तो माणसाच्या दिवसाचा हिशेब असतो, मनाचा नसतो.

आणि मग कुळथाचं पीठ. वर्षभरात तिने दोनदा, पुण्याला येणाऱ्या कुणाकुणाबरोबर, घरी दळलेलं कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एकदा फणसपोळी पाठवली होती. ‘अमुक वाजता गाडी स्वारगेटला येईल, उतरवून घे’ असा तिचा एक ओळीचा निरोप. माझ्या नियमाने तो निरोप आदल्या दिवशीच्या बोलण्याला जोडलेला, म्हणून सुरुवात म्हणून धरलाच नव्हता. पण पीठ करायचं म्हणजे कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडून साल काढायची, मग दळून आणायचं. पिशवीवर तिने पेनने तारीख घातली होती. ही सुरुवात नाही तर काय आहे?

आपल्याकडे लग्नघरात आहेराची वही असते. कुणी किती पाकीट दिलं, कुठली साडी नेसवली, हे तिथे बसून कुणीतरी लिहून घेतं, आणि त्यांच्याकडचं कार्य निघालं की ती वही उघडली जाते. यात कमीपणा काही नाही. दूरच्या नात्यांत, सोयऱ्यांत हा हिशेब सांभाळूनच संबंध टिकतात. पण शेजारणीने वाटीतून भाजी पाठवली तर तिची वही कुणी ठेवत नाही. वाटी रिकामी परत करायची नाही एवढाच दंडक. ती त्याच दिवशी परत जायला हवी असंही नाही, आणि भाजीच्या बदल्यात भाजीच घालायला हवी असंही नाही. कधी चमचाभर साखर घालून जाते, कधी दहा दिवसांनी खिरीने भरून जाते.

या दोन रीतींतला फरक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नीट मांडला. देवाणघेवाणीच्या संबंधात घेतलं तेवढं फेडलं की समाधान होतं; आपुलकीच्या संबंधात एकमेकांची गरज बघून दिलं जातं. 1984 मध्ये क्लार्क यांनी त्यावर एक साधा, सुरेख प्रयोग केला. दोघांनी मिळून आकड्यांच्या मोठ्या तक्त्यातून ठरावीक क्रमाचे आकडे शोधायचे आणि गोल करायचे, बक्षीस दोघांचं मिळून. आधीच्याने एका रंगाच्या पेनाने खुणा केलेल्या असत. पाळी आली की दुसऱ्याने पेन निवडायचं. वेगळ्या रंगाचं घेतलं तर कुणी किती शोधले ते शेवटी मोजता येणार, त्याच रंगाचं घेतलं तर नाही. अनोळखी माणसाबरोबर काम करणारे बहुधा वेगळा रंग घेत. मित्राबरोबर असले की वेगळ्या रंगाकडे त्यांचा तसा कल दिसला नाही.

हे वाचलं तेव्हा माझ्या हातातली लाल-निळी पेनं मला बोचली. मोजणी सुरू होणं हीच एक खूण आहे. मैत्री नीट चाललेली असताना कुणी मोजत नाही. आपण मोजायला लागलो याचा अर्थ कुठेतरी दुखतंय, आणि ते दुखणं खरं असतं, आकडा काहीही निघो. म्हणून मोजू नये असं मी म्हणणार नाही. एकदा मोजावं, काय ते बघावं आणि वही मिटावी. दर महिन्याला मोजणाऱ्याच्या हातून वाटीची आहेराची वही होते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की सगळ्याच गप्प मैत्रिणी मनाने जवळ असतात, फक्त त्यांचं घड्याळ हळू चालतं. तसं नाही. चिपळूणच्या मोजणीनंतर मी जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबरचं बोलणंही त्याच नियमाने तपासलं. तिथे माझ्या अठरा सुरुवाती निघाल्या, तिच्या तीन. वरवर पाहिलं तर तसंच चित्र. पण माझ्या अठरांपैकी सात वेळा उत्तर आलं ते अंगठ्याचं किंवा हात जोडल्याचं चिन्ह. उलटा प्रश्न दोनदा. चार वेळा भेटायचं ठरलं, चारही वेळा तिच्याकडून मोडलं, आणि चारही वेळा नवा दिवस मी सुचवला. तिच्या तीन सुरुवाती मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक डबेवाल्या बाईंच्या नंबरसाठी, एक मुलीच्या ॲडमिशनसाठी कुणाची ओळख आहे का म्हणून, एक माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या जागेसाठी. काम झाल्यावर ‘थँक्यू गं’ होतं. त्याच काळात माझे वडील गेले. ते तिला माहीत होतं, ग्रुपवर कळवलं होतं. तिचा स्वतंत्र एक शब्दही नव्हता.

इथे घड्याळाची सबब चालत नाही. काम असलं की तिचं घड्याळ वेळेवर वाजतं. माझी आठवण व्हायला तिला अडचण नव्हती. फक्त ती आठवण माझ्यासाठी नव्हती. हे वाचताना मला वाईट वाटलं, पण धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पोटात कुठेतरी हे मला ठाऊक होतं.

अशा एकतर्फी मैत्र्या अपवादाने असतात असंही नाही. 2016 मध्ये अब्दुल्ला अल्मातूक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एकाच वर्गातल्या 84 विद्यार्थ्यांना प्रत्येक वर्गमित्राला जवळिकीचा आकडा द्यायला सांगितलं होतं, आणि तो आपल्याला काय आकडा देईल याचा अंदाजही विचारला होता. ज्यांना त्यांनी मित्र म्हटलं, ते आपल्यालाही मित्र म्हणतील असं 94 टक्के वेळा त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तसं निघालं 53 टक्के वेळा. हा एका वर्गाचा आकडा आहे, तुमच्या-माझ्या तीस वर्षांच्या मैत्रीला तो तसाच लावता येणार नाही. पण आपल्याला वाटतं तेवढं आपलं या बाबतीतलं नातं पारखणं भरवशाचं नसतं, एवढं त्यातून नक्की दिसतं, आणि चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. मी चिपळूणच्या बाबतीत उगाच संशय घेतला आणि ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बाबतीत उगाच विश्वास ठेवला.

आता गप्प बसून बघण्याबद्दल. ही परीक्षा जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी घेतलेली असते, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती ज्या पद्धतीने घेतली जाते तिने चुकीचंच उत्तर मिळतं. पहिलं म्हणजे परीक्षा चालू आहे हे समोरच्याला माहीतच नसतं. दुसरं, तुमचं गप्प बसणं त्याच्या बाजूने वाचलं जातं: कामात असेल, रागावली असेल, तिला आता माझ्यात रस नसेल. सहा महिने असे गेले की दोघंही दुसऱ्याच्या पहिल्या शब्दाची वाट बघत असतात, आणि जेवढे दिवस जास्त जातात तेवढा तो शब्द जड होत जातो. लारा अॅक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशीच माणसं घेतली होती: जुन्या मित्राशी संपर्क तुटलेला, पुन्हा जोडायची इच्छा, मित्राला आवडेल अशी खात्री, नंबर हाताशी. त्यांना निरोप लिहायला वेळ दिला आणि पाठवायला सांगितलं. पाठवणारे एक तृतीयांशाहूनही कमी निघाले. म्हणजे न आलेल्या निरोपामागे मन नसेलच असं नाही. पुष्कळदा मन असतं आणि बोट थांबतं.

म्हणून थांबायचं झालं तर मुदत ठरवून थांबावं, आणि ती मुदत स्वतःच्या घड्याळाच्या दुप्पट-अडीचपट तरी असावी. एकोणतीस सुरुवातींच्या मधलं अंतर काढलं तर मी साधारण बारा-तेरा दिवसांनी लिहीत होते. मी ठरवलं, तीस दिवस. मनात अढी धरून नव्हे. या तीस दिवसांत तिचा निरोप आला तर नेहमीसारखं बोलायचं, अडचण कळली तर मुदत बाजूला ठेवून धावायचं, आणि एकतिसाव्या दिवशी काहीही न ऐकवता आपण फोन करायचा. ज्याचं घड्याळ सैल झालंय त्याला ते पुन्हा घट्ट व्हायला दिवस लागतात. म्हणून एका फेरीवरून निकाल देऊ नये, दोन-तीन तरी बघाव्यात. एवढी सवड द्यायची आपली तयारी नसेल तर परीक्षा न घेता सरळ विचारावं, ते बरं.

तेविसाव्या दिवशी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी चिपळूणहून निरोप आला: ‘अगं, आहेस ना? गुडघा जास्त झालाय का? सकाळी तुझं काही आलं नाही, बरेच दिवस झाले.’

तेवीस. म्हणजे तिचं घड्याळ होतं, चालूही होतं, माझ्या जवळजवळ निम्म्या वेगाने. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे मी दोन महिने थांबले, मग एकदा स्वतःहून चौकशी केली, पुन्हा दोन महिने थांबले. उत्तरात अंगठा आला. त्यानंतर मी तिच्याशी भांडले नाही, तिला काही बोललेही नाही. ती भेटली की चहा होतो, तिच्या मुलीच्या ॲडमिशनला मी पुन्हाही मदत करीन. आठवड्याच्या मध्ये तिची विचारपूस करायचं काम मात्र मी सोडून दिलं. आपल्याला मनात खंत न ठेवता जेवढं देता येतं तेवढ्यावर एखादं नातं आणून ठेवणं, हे तोडण्यापेक्षा वेगळं आहे, आणि बहुतेक एकतर्फी मैत्र्यांना तेवढंच पुरेसं असतं.

चिपळूणच्या मैत्रिणीशी मात्र मी बोलले. ‘तू कधीच स्वतःहून फोन करत नाहीस’ हे वाक्य तोंडाशी आलं होतं. ते खोटं होतं, पाच वेळा तिने केला होता, आणि ‘कधीच’ म्हटलं की समोरचा त्या पाचांची यादी काढून बसतो, मूळ दुखणं बाजूलाच राहतं. म्हणून मी एवढंच म्हटलं, ‘दर वेळी मी आधी लिहिते तेव्हा मला कधी कधी एकटं वाटतं गं. पुढचा फोन तू कर ना. दिवस तू ठरव, मी वाट बघते.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला रोज तीनला वाटतं तुला लावावा. पण तेव्हा तू ऑफिसात. मीटिंगमध्ये असशील, साहेब काय म्हणतील. तू आपली सकाळी तुझ्या सवडीने लिहितेस, तेच बरं असं मी धरून चालले. तुला त्रास नको म्हणून गं.’

वर्षभर आम्ही दोघी एकमेकींच्या वेळेची काळजी घेत होतो आणि ती काळजी कुणीच कुणाला सांगितली नव्हती. मी सकाळी लिहायचे, कारण तिच्या दुपारच्या झोपेत व्यत्यय नको. ती झोपतच नव्हती.

आम्ही गुरुवार ठरवला. गुरुवारी मी जेवणाची सुट्टी उशिरा घेते आणि साडेतीनला ऑफिसच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या कठड्यावर जाऊन बसते. फोन तिने करायचा. गेल्या आठ गुरुवारांपैकी पाच गुरुवारी आला. एकदा सासूबाईंना ताप होता, एकदा ती विसरली आणि रात्री दहाला ‘अगं बाई, गुरुवार!’ एवढंच लिहिलं. एका गुरुवारी चार वाजून गेले तरी फोन वाजेना, तेव्हा मीच लावला. पलीकडून पत्र्यावरच्या पावसाचा एवढा आवाज येत होता की तिचं बोलणं ऐकूच येईना. ती ओरडून सांगत होती, ‘रेंज नव्हती गं! तासभर लावतेय!’